मायना : वडीलधाऱ्या अधिकारी माणसाला पहिले पत्र लिहिताना

इ. स. १७६१. पानिपताच्या पराभवाला काही महिने झाले आहेत. नानासाहेब पेशवे निवर्तले आहेत आणि त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा माधवराव पेशवेपदावर बसला आहे. कामे तुंबली आहेत, पत्रे लिहायची आहेत. त्यांतील एक जायचे आहे मल्हारराव होळकरांना. मल्हाररावांचे वय अडुसष्ट. माधवरावांच्या आजोबांच्या, म्हणजे थोरल्या बाजीरावांच्या काळापासून घोड्यावर मांड ठोकलेला हा सुभेदार. पहिली ओळ काय लिहायची?

हा प्रश्न आजही रोज पडतो. विशी-बाविशीतला मुलगा किंवा मुलगी सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या संशोधकाला, वकिलाला, स्थापत्यविशारदाला कामासाठी पहिल्यांदा संदेश लिहायला घेते आणि संबोधनाशीच अडते. ‘सर’ की ‘साहेब’? ‘तुम्ही’ की ‘आपण’? ‘नमस्कार’ पुरेल का? मराठीत या प्रश्नाला निदान काही शतकांचा लेखी इतिहास आहे आणि त्याचे नाव आहे मायना. आजचा धागा त्याविषयी.

मायना म्हणजे पत्राच्या आरंभीचा ठरावीक मजकूर : कोणाला, कोणत्या विशेषणांसह, कोणाकडून आणि कोणत्या अभिवादनाने. हे सारे सांगून झाल्यावर ‘विशेष’ हा शब्द येतो आणि मग कामाची गोष्ट सुरू होते. कारकुनाला हे घटवून घ्यावे लागे. त्यासाठी लेखनपद्धतीच्या पोथ्या होत्या, ज्यांना ‘मेस्तक’ म्हणत. परंपरा त्यांचे श्रेय तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, याला देते. हिशेब कसा मांडावा आणि कोणाला कसे लिहावे, हे दोन्ही विषय या परंपरेत शेजारी शेजारी असत. हे शेजारपण लक्षात घेण्यासारखे आहे. मान हासुद्धा जमाखर्चाइतकाच काटेकोर नोंदीचा विषय मानला जाई.

आता सोळा वर्षांच्या पेशव्याच्या पत्राकडे परत येऊ. पेशव्यांच्या दफ्तराचा प्रघात असा की मोठ्या सरदाराला ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’ अशी विशेषणे लागत, मग नाव, मग ‘गोसावी यांसी’. पुढे लिहिणाऱ्याचे नाव ‘स्ने॥’ म्हणजे स्नेहांकित या संक्षेपासह, आणि त्यानंतर अभिवादन. ते अभिवादन नमस्काराचे नसे. शब्द असे ‘आशीर्वाद’. म्हणजे सोळा वर्षांचा मुलगा अडुसष्ट वर्षांच्या सेनानीला आशीर्वाद लिहितो.

त्याच बैठकीत दुसरे पत्र काका रघुनाथरावांना जायचे असेल, तर चित्र पार पालटते. तेथे ‘तीर्थरूप राजश्री दादासाहेब वडिलांचे सेवेसी’, लिहिणारा स्वतःला ‘अपत्य’ म्हणवणार आणि चरणांवर मस्तक ठेवून ‘कृतानेक साष्टांग नमस्कार’ करणार. रघुनाथराव माधवरावांहून जेमतेम अकरा वर्षांनी मोठे, मल्हारराव बावन्न वर्षांनी. अकरा वर्षांच्या अंतराला साष्टांग दंडवत आणि बावन्न वर्षांच्या अंतराला आशीर्वाद!

याचे कारण उघड आहे आणि ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. जुन्या मायन्यात वयाला मान होता, पण वय पहिले माप नव्हते. आधी जात पाहिली जाई, मग पद, मग नाते, आणि वय त्यानंतर. ब्राह्मणाने ब्राह्मणेतराला आशीर्वाद लिहायचा, मग समोरचा वयाने कितीही मोठा असो. मराठा सरदार आपसांत ‘रामराम’ लिहीत किंवा ‘दंडवत’. विद्वान ब्राह्मणाला ‘वेदशास्त्रसंपन्न’ हे विशेषण लागे. कागद उघडताच पहिल्या दोन ओळींत समाजाची सगळी उतरंड वाचता येई. ‘जुन्या काळी लोक वडीलधाऱ्यांचा किती मान ठेवत’ असे जेव्हा कोणी सरसकट म्हणते, तेव्हा हे दोन मायने शेजारी ठेवून पाहावेत.

अभिवादनाची दिशा मात्र नेहमीच वरून खाली नसे. चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका असे बजावणारे पत्र म्हणून पुष्कळांना ते ठाऊक असते. ज्यांना कडक शब्दांत खडसावायचे आहे, त्या हाताखालच्या लोकांनाही महाराजांच्या नावापुढे ‘दंडवत’ असाच शब्द आहे. दरडावणी ‘विशेष’च्या नंतर येते, त्याच्या आधी नाही.

मायन्याचा संशोधकांना आणखी एक उपयोग होतो. १६७४च्या राज्याभिषेकानंतर महाराजांच्या पत्रांत ‘स्वस्तिश्री राज्याभिषेक शके’ आणि ‘क्षत्रियकुलावतंस’ ही पदावली आली. त्याआधीच्या तारखेचा म्हणून दाखवला जाणारा कागद जर या थाटात सुरू होत असेल, तर अभ्यासक लगेच सावध होतो. वतनाच्या भांडणांसाठी बनावट कागद पुष्कळ तयार झाले. त्यांतील कित्येकांचे बिंग मजकुराआधी मायन्यातच फुटते, कारण बनावट करणारा आपल्या काळाचा मायना जुन्या काळाला चिकटवतो.

आता खरा अवघड प्रसंग घेऊ : खालच्याने वरच्याला लिहिण्याचा. समजा, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एखाद्या महालावरचा वीस-बावीस वर्षांचा कारकून आहे. हिशेबाच्या एका बाबीत अडचण आली आहे आणि पुण्यातील एका वयोवृद्ध, अधिकारी मुत्सद्द्याला तो पहिल्यांदाच लिहितो आहे. दोघेही एकाच जातीचे धरू, म्हणजे तो प्रश्न बाजूला राहील.

पहिली निवड विशेषणाची. येथे हात आखडता घेतला तर उद्धटपणा, सैल सोडला तरी चूक. ‘श्रीमंत’ हा शब्द पेशव्यांसारख्या धन्यासाठी. तो सरसकट कोणाही अधिकाऱ्याला लावला तर वाचणारा सुखावण्याऐवजी बिचकेल, कारण ते कागदावर राहते आणि भलत्याच्या नजरेस पडू शकते. म्हणून ‘राजश्री’, नाव, आणि मग ‘स्वामींचे सेवेसी’. बरोबरीच्याला ‘गोसावी यांसी’ लिहिले जाई. वरच्याला ‘स्वामींचे सेवेसी’. पत्र थेट माणसाला नाही, त्याच्या सेवेला सादर होते.

दुसरी निवड स्वतःविषयीच्या शब्दाची. बरोबरीचा माणूस स्वतःला ‘स्नेहांकित’ म्हणवी, आश्रित माणूस ‘पोष्य’, कागदावर ‘पो॥’. आपला कारकून लिहील ‘विनंती सेवक’ आणि पुढे स्वतःचे नाव. मग ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विज्ञापना’. त्यानंतर क्षेम, तेही एकाच ओळीत : अमुक चंद्रापर्यंत स्वामींचे कृपेकरून सेवकाचे वर्तमान यथास्थित असे. बरोबरीच्या माणसाला ‘येथील क्षेम जाणून स्वकीय क्षेम लिहीत जावे’ असे लिहिता येई, म्हणजे उत्तराची मागणी करता येई. वरच्याकडे तशी मागणी जपून करायची. नंतर ‘विशेष’, आणि मग काम.

काम सांगण्याच्या क्रियापदात सगळी खुबी होती. ‘उत्तर पाठवा’ असे लिहिण्याचा प्रश्नच नाही. ‘उत्तर पाठवावे’ हे बरोबरीच्याला चालेल. वरच्याला ‘उत्तर पाठवावयाची आज्ञा व्हावी’. या वाक्यात कोणी कोणाला काही करायला सांगतच नाही. आज्ञा ‘होते’, जसा पाऊस होतो. आणि गंमत अशी की विनंती करणाराच समोरच्याकडे आज्ञा मागतो. नकार द्यायचा झाला तर समोरच्याला तो शब्दात द्यावा लागत नाही, आज्ञा झाली नाही एवढेच. कोणाचाही मुखभंग होत नाही.

पत्राच्या शेवटी हीच उतरंड पुन्हा दिसते. हाताखालच्याला लिहिलेले पत्र ‘जाणिजे’ या एका शब्दात मिटते. बरोबरीच्याचे ‘बहुत काय लिहिणे, लोभ असो दीजे, हे विनंती’ असे संपते. वरच्याला ‘सेवेसी श्रुत होय, हे विज्ञापना’. जाणिजे, विनंती, विज्ञापना. एखाद्या पत्राचा वरचा भाग फाटलेला असेल, नावे गेली असतील, तरी शेवटच्या ओळीवरून कोण कोणाला लिहीत होते याचा अंदाज बांधता येतो. राजवाडे यांनी १८९८पासून छापलेल्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालिकेचा कोणताही पत्रांचा खंड उघडून नुसते शेवट चाळले, तरी हा खेळ खेळता येईल.

स्त्रियांच्या बाबतीत मायना आणखी एक गोष्ट पहिल्याच शब्दात उघड करी : तिचा नवरा हयात आहे की नाही. सवाष्णीला ‘वज्रचूडेमंडित’ किंवा ‘सौभाग्यवती’, विधवेला ‘गंगाजलनिर्मल’ किंवा ‘गंगाभागीरथी’. मात्र अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ कारभार हाकला, तेव्हा त्यांच्याविषयीच्या कागदांत ‘मातुश्री’ हा शब्द ठळकपणे येतो. आज एखाद्या ज्येष्ठ विदुषीला पहिला संदेश लिहिताना तिच्या नावामागे अंदाजाने ‘सौ.’ लावणारा माणूस, नकळत, तिच्या कामापेक्षा तिच्या संसाराची चौकशी आधी करतो. ‘डॉ.’ असेल तर ‘डॉ.’, नसेल तर ‘बाई’, ‘ताई’ किंवा ‘मॅडम’, यांपैकी त्या क्षेत्रात जे रूढ असेल ते. ‘बाई’ हा शब्द काहींना आता हलका वाटतो. पण मराठी शाळांतील कित्येक पिढ्यांनी शिक्षिकेला याच शब्दाने हाक मारली आहे.

एकोणिसाव्या शतकात मायना आकसत गेला. संक्षेप मोडी कागदांतही होतेच. पण टपाल स्वस्त झाले, १८७९मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि मूठभर जागेत मान, क्षेम आणि काम हे सगळे बसवणे भाग पडले. ‘राजमान्य राजश्री’चे ‘रा. रा.’ झाले. ‘कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ याचे ‘कृ. सा. न. वि. वि.’ झाले. वडिलांना ‘शि. सा. न. वि. वि.’, स्नेह्यांना ‘स. न. वि. वि.’. घरातील जुन्या पत्रांत ही अक्षरे पाहून अनेकांना ते एखादे गुपित वाटते. त्यात गुपित काही नाही, जुन्या दरबाराचा तो चुरा आहे. ‘वि. वि.’ मधला दुसरा ‘वि’ म्हणजे तोच जुना ‘विशेष’, येथून काम सुरू झाले हे सांगणारा.

याच काळात इंग्रजी कचेरीने नवे शब्द आणले. अर्जाच्या शेवटी ‘आपला आज्ञाधारक सेवक’ आले, तो इंग्रजी कचेरीच्या साच्याचा मराठी अवतार. ‘महोदय’ रुळला. ‘साहेब’ अरबीतून फारसीमार्गे आधीच आलेला होता, पेशव्यांच्या घरात तो दादासाहेब, नानासाहेब असा नावालाच जोडला गेला होता. ‘सर’ शाळा-महाविद्यालयांतून आला आणि आज तो इतका पसरला आहे की कारखान्यातील व्यवस्थापकालाही लागतो. या शब्दाची एक बाजू चांगली आहे. त्याला जात कळत नाही. ‘आशीर्वाद’ की ‘रामराम’ हा प्रश्न तो विचारत नाही.

‘आपण’ची कथा वेगळी. संस्कृत ‘आत्मन्’वरून प्राकृतमार्गे आलेला हा शब्द मुळात ‘स्वतः’ या अर्थाचा. ‘तो आपण गेला’ म्हणजे तो स्वतः गेला. आदराने दुसऱ्याकडे बोट न दाखवता ‘स्वतः’ म्हणून त्याचा उल्लेख करायचा, यातून तो आदरार्थी संबोधन झाला. जुन्या पत्रांतील ‘स्वामी’सारखेच त्याचे काम : समोरच्याला थेट न गाठता त्याच्या बाजूने जाणे. म्हणूनच ‘आपण’ एकदा धरला की सबंध संदेशभर धरावा लागतो. ‘आपण वेळ दिलात तर तुमच्याकडे येईन, मला कळवा’ या एका वाक्यात तीन पायऱ्या आहेत, आणि कान तयार असलेल्या जुन्या माणसाला प्रत्येक पायरीवर ठेच लागते. ‘आपण’ पेलत नसेल तर सुरुवातीपासून ‘तुम्ही’ लिहिलेले बरे. ‘तुम्ही’ मुळीच अनादराचा नाही.

आता आजचा एक प्रसंग, जुन्या मापाने मोजून. समजा, बावीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याला घरच्या पेटीत मोडी कागद मिळाला आहे. दोन ओळी लागत नाहीत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका मोडी जाणकारांचा क्रमांक मिळाला आहे. बहुतेक पहिला संदेश असा जातो : ‘हाय सर, एक मोडी डॉक्युमेंट आहे, फोटो पाठवतोय, प्लीज वाचून सांगा, अर्जंट आहे.’ आणि पाठोपाठ सहा छायाचित्रे. उत्तर येत नाही, आणि विद्यार्थ्याला वाटते म्हातारा खडूस आहे.

या संदेशात ‘सर’ आहे, म्हणजे विशेषण बरोबर आहे. मग चुकले कोठे? लिहिणारा कोण हे कळत नाही. क्रमांक कोणी दिला हे कळत नाही. ‘सांगा’ ही सरळ आज्ञा आहे. आणि काम ‘विशेष’च्या आधीच अंगावर येऊन पडले आहे. जुन्या कारकुनाने हा कागद पाहिला असता तर तो म्हणाला असता की मायनाच नाही, हे पत्र नव्हे, चिठोरे आहे.

तोच मजकूर असा लिहिता येतो : ‘आदरणीय सर, सादर नमस्कार. मी पुण्यात इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात दुसऱ्या वर्षाला शिकतो. आपला क्रमांक आमच्या विभागातील प्राध्यापकांनी, आपल्याला विचारून, दिला. घरी सापडलेल्या एका मोडी कागदाचे वाचन मी करत आहे. चौदा ओळींपैकी बारा लागल्या, दोन लागत नाहीत. आपल्या सवडीने पाहता येणार असतील, तर छायाचित्र आणि मी केलेले लिप्यंतर पाठवावे का? घाई अजिबात नाही. आपला नम्र,’ आणि खाली पूर्ण नाव. ‘सर’च्या आधी त्यांचे आडनाव घातले तर अधिक चांगले, कारण हा संदेश शंभर जणांना गेलेला नाही हे त्यावरून कळते.

यात साष्टांग नमस्कार नाही, ‘सेवक’ नाही, ‘आपल्या चरणी’ नाही. तरी जुन्या पत्राचे सांधे तेच आहेत. ‘आदरणीय’ हे विशेषण आहे, आणि एकच आहे. ‘परमपूज्य, ऋषितुल्य, ज्ञानतपस्वी’ अशी माळ लावली असती तर ती ‘श्रीमंत’ भलत्याला लावण्यासारखीच चूक झाली असती. कामाच्या माणसाला तिच्यात काहीतरी मागण्याचा वास येतो. लिहिणाऱ्याची ओळख अभिवादनाला लागूनच आहे, पूर्वी असे तशी. ‘पाठवावे का’ हे ‘आज्ञा व्हावी’चे आजचे रूप : उत्तर न देणे हाही सभ्य नकार ठरू शकतो. आणि बारा ओळी स्वतः वाचल्या आहेत हे वाक्य जे काम करते, ते कोणतेही विशेषण करू शकत नाही.

उत्तर बहुधा दोन-चार दिवसांनी येते, आणि पुष्कळदा त्यात एक वाक्य असते : ‘सर वगैरे म्हणू नका, काका म्हणा.’ पायरी उतरण्याचा हा हक्क वरच्या माणसाचा. खालच्याने ती आपण होऊन उतरायची नसते, आणि वरच्याने सांगितल्यावर हट्टाने वर उभेही राहायचे नसते. महादजी शिंदे १७९२मध्ये पुण्यास आले, तेव्हा उत्तर हिंदुस्थानची सूत्रे त्यांच्या हाती होती आणि बादशहाकडून पेशव्यांसाठी मिळवलेली वकील-ए-मुतलकपदाची सनद बरोबर होती. त्यांना स्वतःला मात्र ‘पाटील’ म्हणवून घेणे आवडे. त्या काळचे मुत्सद्दी मग आपल्या पत्रांतही त्यांचा उल्लेख ‘पाटीलबावा’ असा करीत.